पूर्वसाहित्यातील उणीव आणि संशोधनाची उद्दिष्टे : त्रिफळा चूर्णाच्या सवीर्यता-कालाचे एक उदाहरण

पीएच.डी.साठी नोंदणी करू इच्छिणाऱ्या एका वैद्यमित्रांनी आपला संशोधन आराखडा काही दिवसांपूर्वी वाचावयास दिला. विषय होता ‘त्रिफळा चूर्णाच्या सवीर्यता-कालाचा अभ्यास’. पूर्वसाहित्याच्या आढाव्याला त्यांनी पंधरा पाने दिली होती आणि त्याचा समारोप एका वाक्यात केला होता : ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही, म्हणून हा अभ्यास आवश्यक आहे.’ याच वाक्यावर परीक्षण समितीने आराखडा परत केला होता. शेरा अवघ्या तीन शब्दांचा होता : ‘नेमके काय राहिले?’

शेरा कठोर वाटला तरी रास्त आहे. ‘फारसे संशोधन नाही’ हे विधान बहुधा खरे नसते आणि खरे असले तरी त्यातून उद्दिष्ट निघत नाही. ज्याला आपण ‘रिसर्च गॅप’ म्हणतो, ती संशोधनातील उणीव कशी ओळखावी आणि तिचे उद्दिष्टांत रूपांतर कसे करावे, हे याच विषयाच्या आधारे पाहू. हा विषय चिकित्सकाच्या बरणीशी आणि औषधनिर्मात्याच्या लेबलाशी निगडित असल्याने त्याचे उत्तर आपल्या सर्वांनाच हवे आहे.

प्रश्नाचे मूळ दोन आकड्यांत आहे. शार्ङ्गधर संहितेच्या प्रथम खंडात चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते असे सांगितले आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम १६१-ब मध्ये २०१६ साली झालेल्या सुधारणेनुसार चूर्णाची मुदत निर्मितीपासून दोन वर्षे धरली जाते. एका बाजूस साठ दिवस आणि दुसऱ्या बाजूस सातशेहून अधिक दिवस. पुष्कळ विद्यार्थी येथेच थांबतात आणि ‘ग्रंथ व नियम यांत विरोध आहे’ हीच उणीव समजतात. परंतु विरोध दिसणे ही केवळ सुरुवात होय. दोन्हीकडे एकच गोष्ट अभिप्रेत आहे काय, हे आधी पाहावे लागते. संहिता वीर्याविषयी बोलते आणि तिच्या काळी चूर्ण कसे साठवीत, हे त्या विधानात आलेले नाही. नियम बंद पाकिटावरील छापील मुदतीविषयी बोलतो.

यानंतर वाचन सुरू होते. वाचलेल्या निबंधांचा सारांश एकाखाली एक लिहीत जाणे हा आढावा नव्हे. एक मोठा कागद घेऊन त्यावर सहा रकाने आखावेत : चूर्ण कोणत्या कच्च्या मालाचे होते, कशात ठेवले होते, किती उष्णता व आर्द्रतेत होते, किती दिवस ठेवले, काय मोजले आणि काय निष्कर्ष काढला. प्रत्येक निबंधाला एक ओळ द्यावी. यातील शेवटचे दोन रकाने मुद्दाम वेगळे ठेवावेत, कारण उणीव बहुतेक वेळा त्या दोहोंच्या मध्येच दडलेली असते.

त्रिफळ्याबाबत हा तक्ता भरू लागले की एक ठरावीक नमुना समोर येतो. चूर्ण हवाबंद पाकिटात घालून ४० अंश सेल्सिअस उष्णता व ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या कपाटात सहा महिने ठेवतात. ठरावीक अंतराने आर्द्रता, रक्षा, जलविद्राव्य व मद्यविद्राव्य अंश आणि गॅलिक ॲसिडचे प्रमाण मोजतात. दहा टक्के घट होण्यास लागणारा काळ गणिताने काढून, आपल्यासारख्या उष्ण हवामानासाठी त्यास ३.३ ने गुणतात आणि येणाऱ्या आकड्यास सवीर्यता-काल म्हणतात. गॅलिक ॲसिड घटले नसेल तर ‘चूर्ण स्थिर आहे’ असा निष्कर्ष निघतो.

आता ‘काय मोजले’ या रकान्याकडे पुन्हा पाहू. हिरड्यात चेब्युलाजिक ॲसिड व चेब्युलिनिक ॲसिड ही मोठ्या रेणूंची टॅनिन द्रव्ये असतात. पाण्याच्या संपर्काने त्यांचे विघटन होते आणि त्यातून जी लहान द्रव्ये सुटतात, त्यांतील एक म्हणजे गॅलिक ॲसिड. चूर्णास बुरशी लागल्यास तिच्यातील टॅनेज हे एन्झाइम हेच विघटन अधिक वेगाने घडविते. म्हणजे चूर्ण बिघडत असताना गॅलिक ॲसिड घटेलच असे नाही, ते वाढूही शकते. भिंत ढासळत असताना खाली पडलेल्या विटा मोजून ‘विटा तितक्याच आहेत, म्हणून भिंत शाबूत आहे’ असे म्हणण्यासारखे हे झाले. येथे मोजलेली गोष्ट आणि काढलेला निष्कर्ष यांत अंतर पडते.

दुसरे अंतर ‘कशात ठेवले’ या रकान्यात सापडते. कपाटातील पाकीट सहा महिने उघडले जात नाही. दवाखान्यातील बरणी मात्र दिवसातून अनेकदा उघडते. रुग्णाच्या घरचा डबा रोज उघडतो आणि त्यात क्वचित ओला चमचाही जातो. चूर्ण दमट हवेतील पाणी शोषते, हे पावसाळ्यात गोळे झालेले चूर्ण ज्याने पाहिले आहे त्यास सांगावयास नको. बंद पाकिटावरून काढलेली मुदत उघडलेल्या बरणीस लागू पडते काय, याचे उत्तर अशा निबंधांतून मिळू शकत नाही.

आता उणीव एका वाक्यात लिहावी. तिचा साचा असा असावा : इतके ठाऊक आहे, परंतु अमुक कारणामुळे तमुक सांगता येत नाही. आपल्या उदाहरणात ती अशी होईल : ‘बंद पाकिटातील त्रिफळा चूर्णात गॅलिक ॲसिडचे प्रमाण कसे बदलते याची माहिती उपलब्ध आहे, परंतु गॅलिक ॲसिड हे विघटनातूनही निर्माण होत असल्याने आणि पाकिटे न उघडता तपासली गेल्याने, रोज उघडल्या जाणाऱ्या बरणीतील मूळ टॅनिन द्रव्ये किती काळ टिकतात हे सांगता येत नाही.’ वाक्यातील ‘असल्याने’ हा शब्द गाळून पाहावा. तो गाळूनही वाक्य उभे राहत असेल, तर आपणास उणीव सापडलेली नाही, केवळ विषय सापडला आहे.

हे वाक्य पक्के करण्यापूर्वी तेच काम दुसऱ्या नावाने झाले आहे काय, हे पडताळावे. ‘सवीर्यता अवधि’ या शब्दाने जे सापडत नाही ते ‘शेल्फ लाइफ’, ‘स्टॅबिलिटी’ वा ‘स्टोरेज’ या शब्दांनी सापडते. ‘त्रिफळा’ या नावाने जे मिळत नाही ते हिरड्याच्या टर्मिनालिया चेब्युला या शास्त्रीय नावाखाली मिळते. अन्नतंत्र व औषधनिर्माणशास्त्राची नियतकालिकेही पाहावीत, कारण टॅनिनवरील बरेच काम तेथे असते. शोधगंगा या संकेतस्थळावर पीएच.डी.चे प्रबंध मिळतात, परंतु एम.डी.चे अनेक प्रबंध महाविद्यालयांच्या कपाटांतच असतात. रसशास्त्र व द्रव्यगुण विभागांच्या ग्रंथालयांत प्रत्यक्ष जाऊन दोन-तीन दिवस बसल्याशिवाय ‘आढळले नाही’ असे लिहू नये. शोधाचे शब्द व दिनांक वहीत टिपून ठेवावेत. समितीने विचारल्यास तेच आपले उत्तर असते.

उणीव निश्चित झाली की उद्दिष्टे तिच्यातूनच निघतात. वाक्यातील प्रत्येक ‘सांगता येत नाही’ साठी एक उद्दिष्ट लिहावे. वैद्यमित्रांनी मूळ आराखड्यात लिहिले होते : ‘त्रिफळा चूर्णाचा सवीर्यता-काल सिद्ध करणे’ आणि ‘शार्ङ्गधरोक्त मताची सत्यता प्रस्थापित करणे’. या दोहोंत निष्कर्ष आधीच ठरलेला आहे आणि काय मोजावयाचे याचा पत्ता नाही. चर्चेनंतर त्यांनी ती पुढीलप्रमाणे बदलली.

पहिले उद्दिष्ट : बंद पात्रातील त्रिफळा चूर्णात चेब्युलाजिक, चेब्युलिनिक व गॅलिक ॲसिडचे प्रमाण ०, ३०, ६०, ९०, १२० व १८० व्या दिवशी मोजणे. दुसरे : त्याच चूर्णाच्या रोज ठरावीक वेळा उघडल्या जाणाऱ्या बरणीतील प्रमाणांची बंद पात्राशी तुलना करणे. तिसरे : चूर्णातील आर्द्रता आणि मूळ टॅनिन द्रव्यांची घट यांचा परस्परसंबंध तपासणे.

प्रत्येक उद्दिष्टाची एक साधी कसोटी आहे. त्याच्या निष्कर्षाचा रिकामा आलेख आजच काढता आला पाहिजे. आडव्या रेषेवर दिवस आणि उभ्या रेषेवर द्रव्याचे प्रमाण, असे पहिल्या उद्दिष्टाचे चित्र लगेच काढता येते. ‘सत्यता प्रस्थापित करणे’ याचा आलेख काढता येत नाही.

काम झेपेल काय, हेही येथेच मोजावे. तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या कच्च्या मालापासून तीन घाणे करावयाचे, कारण एकाच घाण्याच्या निष्कर्षावरून त्रिफळ्याविषयी बोलता येत नाही. शून्य दिवसाचे नमुने तीन. पुढील पाच दिवसांचे, दोन प्रकारच्या पात्रांत, तीन घाण्यांचे मिळून तीस. एकूण ३३ नमुने, प्रत्येकाची तपासणी तीनदा, म्हणजे ९९ तपासण्या. एवढे काम प्रयोगशाळेच्या खर्चात बसते. घृत, तैल, अवलेह यांचाही समावेश करण्याचा मोह झाला तर हाच आकडा चौपट होतो आणि प्रबंध रखडतो.

एक मर्यादा आराखड्यातच स्पष्ट लिहावी. टॅनिन म्हणजे वीर्य नव्हे. हा अभ्यास रासायनिक घटकांच्या टिकाऊपणाविषयी बोलेल, त्यावरून संहितेतील वचन खरे वा खोटे ठरणार नाही. तसेच जूनमध्ये सुरू केलेल्या अभ्यासाचे पहिले साठ दिवस पावसाळ्यात जातील, म्हणून निष्कर्ष त्या ठिकाणापुरता व त्या ऋतूपुरताच मांडावा लागेल.

शेवटी असा विचार करावा की, निकाल आपल्या अपेक्षेच्या उलट लागला तर काय? मूळ द्रव्ये साठ दिवसांत लक्षणीय घटली, तर उघडल्यानंतरची वेगळी मुदत लेबलावर छापण्याचा विचार निर्मात्यास करावा लागेल. ती १८० दिवस टिकली, तर महिन्या-दोन महिन्यांचे चूर्ण बरणीत भरणाऱ्या वैद्यास निदान या घटकांपुरता दिलासा मिळेल. दोन्ही निकाल उपयोगी ठरत असतील, तर उणीव खरी आहे आणि उद्दिष्टे नीट लिहिली गेली आहेत असे समजावे. वैद्यमित्रांचा सुधारित आराखडा आता पुन्हा समितीपुढे गेला आहे. त्यात ‘फारसे संशोधन झालेले नाही’ हे वाक्य नाही.