मच्छर जाळी: भोक किती बारीक घ्यायचं?

जाळी बसवायचं काम सुरू केलं की असा ग्राहक भेटतोच, "एकदम बारीक जाळी लावा, एकही डास नको." तुम्ही लावता. एप्रिलमध्ये त्याचाच फोन येतो, "खोलीत हवाच येत नाही हो!" मग जाळी बदलायचा खर्च तुमच्या माथी. म्हणून ऑर्डर घेण्याआधी हे गणित करून बघा.

मेश म्हणजे एका इंचात किती भोकं. खिडकीला सर्रास 18×16 ची फायबर जाळी लागते, म्हणजे एका दिशेने 18 आणि दुसऱ्या दिशेने 16. तिचा धागा साधारण 0.28 मिमी जाड असतो. इंच म्हणजे 25.4 मिमी. त्याला 18 ने भागलं की 1.41 येतात, त्यातून धागा वजा केला की भोक उरतं 1.13 मिमी. दुसऱ्या दिशेने 1.31. एवढ्यातून डास शिरत नाही, आणि जाळीचा सुमारे 66 टक्के भाग हवेला मोकळा राहतो. तोच धागा ठेवून 30 मेश घेतली, तर मोकळा भाग राहतो 45 टक्के.

आता 4 बाय 4 फुटांची सरकती खिडकी घ्या. दोन काचांपैकी एकच उघडते, म्हणजे 16 नाही, 8 चौरस फूट. 18×16 लावली तर त्यातली 5.3 चौरस फूट हवेसाठी उरते, 30 मेशला फक्त 3.6. शिवाय बारीक भोकं धुळीने लवकर बुजतात, हे वेगळंच. त्यामुळे बारीक जाळी मी फक्त चिलटांचा त्रास असेल तिथेच सुचवतो.

हवा जास्त हवी असेल तर भोक वाढवू नका, तार पातळ घ्या. स्टीलची 304 जाळी 18 मेश आणि 0.18 मिमी तारेत घेतली तर मोकळा भाग 76 टक्क्यांपर्यंत जातो. उंदीरही ती कुरतडत नाहीत. महाग पडते, आणि कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ 304 वरही तपकिरी डाग येऊ शकतात. तिथे 316 घ्या, बजेट नसेल तर फायबरच बरी.

पलंगाच्या मच्छरदाणीला चौरस इंचाला 156 भोकं पुरतात. पॉलिस्टरची घ्या. सुती दोरा जाड असतो, आत घुसमटायला होतं. मात्र दाणी ऐसपैस हवी, कारण हातपाय जाळीला टेकले की डास बाहेरूनच चावतो.

माल घेताना स्टीलची पट्टी खिशात ठेवा. एक इंच मापून दोन्ही दिशांनी भोकं मोजा, लेबलवर 18×16 आणि प्रत्यक्षात 14 असं निघू शकतं. जाळी फ्रेममध्ये ताणून बसवल्यावर भोकं तिरकी झालेली दिसली तर रबर काढून पुन्हा बसवा. आणि सरकत्या ट्रॅकच्या फटीत ब्रश लावायला विसरू नका, डास बहुतेक वेळा तिथूनच येतात आणि दोष जाळीला मिळतो.