पट्टी उभी की आडवी?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला दुहेरी संकलन शिकवून झालं की असाइनमेंटमध्ये 'चेंज ऑफ ऑर्डर'चं गणित हमखास येतं. त्यातलं एक जुनं, नेहमी विचारलं जाणारं गणित घेऊ:

∫₀¹ ∫ₓ²^(2−x) xy dy dx

इथे आतलं संकलन y चं आहे, x² पासून 2−x पर्यंत. बाहेरचं x चं, 0 पासून 1 पर्यंत. क्रम बदलून किंमत काढायची आहे.

या चार लिमिट्समध्ये एका आकृतीचं पूर्ण वर्णन आहे. समजा, हा पत्र्याचा एक तुकडा आहे आणि त्याची जाडी जागोजागी बदलते, इतकी की (x, y) या बिंदूपाशी त्याचं वजन दर चौरस मीटरला xy किलो भरतं. आपल्याला अख्ख्या तुकड्याचं वजन हवंय. आतली लिमिट्स सांगतात की x स्थिर ठेवून एक अरुंद उभी पट्टी घ्या; ती खाली y = x² या अन्वस्तावर सुरू होते आणि वर y = 2−x या रेषेवर संपते. बाहेरची लिमिट्स सांगतात की अशा पट्ट्या x = 0 पासून x = 1 पर्यंत लावत जा.

आता आकृती काढा. अन्वस्त आणि रेषा (1, 1) या बिंदूत भेटतात. डावीकडची कड म्हणजे y-अक्ष. तुकड्याचे तीन कोपरे झाले: (0, 0), (1, 1) आणि (0, 2). खालची बाजू वाकडी, बाकीच्या दोन सरळ.

क्रम बदलायचा म्हणजे याच तुकड्यात आडव्या पट्ट्या घ्यायच्या. प्रत्येक आडवी पट्टी y-अक्षावर, म्हणजे x = 0 ला सुरू होते. ती संपते कुठे, हे मात्र उंचीवर ठरतं. y = 1 च्या खाली ती अन्वस्ताला टेकते, म्हणून x = √y. y = 1 च्या वर ती रेषेला टेकते, म्हणून x = 2−y. उजवी कड मध्येच बदलत असल्यामुळे एका संकलनाची दोन होतात. पहिल्यात x 0 ते √y आणि y 0 ते 1. दुसऱ्यात x 0 ते 2−y आणि y 1 ते 2. पहिल्याची किंमत 1/6 येते, दुसऱ्याची 5/24. बेरीज 3/8. मूळ क्रमाने सोडवलं तरी 3/8 च येतं.

चुका दोन जागी होतात. काही विद्यार्थी लिमिट्स तशीच ठेवून फक्त dx आणि dy ची अदलाबदल करतात. मग बाहेरच्या संकलनाला x² सारखं लिमिट उरतं आणि उत्तरात x शिल्लक राहतो. ही चूक लगेच दिसते, कारण बाहेरची लिमिट्स नेहमी निव्वळ संख्याच असतात. दुसरी चूक जास्त घातक आहे. तुकडे न पाडता x 0 ते √y आणि y 0 ते 2 असं सरळ लिहिलं, तर उत्तर 4/3 येतं. दिसायला अगदी स्वच्छ, पण चुकीचं. ती पकडायला एक सोपी तपासणी आहे: xy च्या जागी 1 ठेवा, म्हणजे फक्त क्षेत्रफळ मिळेल. मूळ क्रमाने ते 7/6 आहे. दोन तुकड्यांची क्षेत्रफळं 2/3 आणि 1/2, बेरीज 7/6. चुकीच्या मांडणीत मात्र जवळजवळ 1.89 येतं. दोन ओळींचं हे काम प्रत्येक गणितात करावं, असं मला मनापासून वाटतं.

दोन्ही वाटांनी उत्तर तेच येत असेल तर क्रम बदलायचाच कशाला? वरच्या गणितात खरंच गरज नव्हती. उलट काम वाढलं. पण फलन e^(y²) घ्या, y ची लिमिट्स x ते 1 आणि x ची 0 ते 1. e^(y²) चं संकलन आपल्या ओळखीच्या फलनांत मांडताच येत नाही, म्हणून पहिल्याच पायरीला गणित अडतं. हा प्रदेश (0, 0), (0, 1), (1, 1) असा त्रिकोण आहे. त्यात आडव्या पट्ट्या घेतल्या की x 0 ते y आणि y 0 ते 1 अशी लिमिट्स होतात. x चं संकलन करताच y·e^(y²) मिळतं, आणि तो जादा y सगळं सोपं करतो. उत्तर (e−1)/2, म्हणजे सुमारे 0.86.

क्रम बदलण्याची मुभा मात्र सरसकट नाही. 1907 मध्ये इटालियन गणिती ग्विदो फुबिनी यांनी ज्या अटींवर ती मिळते त्यांविषयीचा प्रमेय मांडला. (x²−y²)/(x²+y²)² हे फलन 0 ते 1 बाजूच्या चौरसावर घेतलं, तर आधी y चं संकलन केल्यास π/4 येतं आणि आधी x चं केल्यास −π/4. बिघाड (0, 0) या कोपऱ्यात आहे. तिथे छेद शून्य होतो आणि फलनाच्या किमती दोन्ही दिशांनी बेसुमार वाढतात. म्हणून आकृती काढून झाली की त्या प्रदेशात आणि त्याच्या कडांवर छेद कुठे शून्य होतो का, तेही पाहा. मर्यादित प्रदेशावर आणि त्याच्या कडांवर फलन सलग असेल तर पट्टी उभी घ्या की आडवी, उत्तर तेच येईल.