स्वल्पविरामानंतरची मोकळी जागा

आमच्या वाचनालयाची पुस्तकयादी गूगल शीट्समध्ये आहे. एका रकान्यात पुस्तकाचं नाव आणि शेजारच्या रकान्यात विषयखुणा, ज्यांना आता सगळेच टॅग म्हणतात. एका पुस्तकापुढे ‘ललित लेख, प्रवास, कोकण’ असं लिहिलेलं, तर दुसऱ्यापुढे ‘कादंबरी,कोकण’. कोकणावरची पुस्तकं किती, हे कुणी विचारलं, की यादीवर बोट ठेवून मोजत बसायचं. म्हणून एकेक टॅग स्वतंत्र रकान्यात आणायचं ठरवलं. त्यासाठी शीट्समध्ये SPLIT हे सूत्र आहे. मी पहिल्यांदा ते असं लिहिलं:

```
=SPLIT(B2,", ")
```

टॅग स्वल्पविराम आणि मोकळ्या जागेने वेगळे केलेले होते, म्हणून अवतरणात ते दोन्ही दिले. तीन रकाने भरतील अशी अपेक्षा होती, पण भरले चार: ललित, लेख, प्रवास, कोकण. ‘ललित लेख’ मधोमध तुटलं होतं.

याचं कारण सूत्राच्या स्वभावात आहे. अवतरणात एकापेक्षा जास्त चिन्हं दिली, तर SPLIT त्यांची जोडी मानत नाही. त्यातलं प्रत्येक चिन्ह त्याला तोडण्याची वेगळी जागा वाटते. त्यामुळे स्वल्पविरामावर तुटतं तसं प्रत्येक मोकळ्या जागेवरही तुटतं. एकेका शब्दाचेच टॅग असतील तर ही चूक दिसत नाही. दोन शब्दांचा टॅग आला की मगच उघडी पडते, आणि तोवर खाली शेकडो ओळी भरून झालेल्या असतात.

सूत्रात तिसऱ्या जागी FALSE लिहिलं, की दोन्ही चिन्हं मिळून एक खूण ठरते. पण मग ‘कादंबरी,कोकण’ तुटतच नाही, कारण तिथे स्वल्पविरामानंतर जागा सोडलेली नाही. यादी चार हातांनी भरलेली असली की अशी सरमिसळ असायचीच. म्हणून मला खात्रीची वाटते ती रीत अशी: तोडायचं फक्त स्वल्पविरामावर, आणि तुकड्यांच्या कडेला उरलेली जागा TRIM ने छाटायची.

```
=ARRAYFORMULA(TRIM(SPLIT(B2,",")))
```

ARRAYFORMULA मुळे छाटणी पहिल्या तुकड्यापुरती न राहता सगळ्या तुकड्यांची होते. ही छाटणी टाळू नका. तुकड्याच्या आधी जागा राहिली, तर डोळ्यांना ‘कोकण’ दिसतं, पण संगणकाच्या लेखी ते वेगळंच काही असतं आणि मोजणीत येत नाही.

उजवीकडचे रकाने रिकामे हवेत. तिथे आधीच काही लिहिलेलं असेल तर सूत्र ते पुसत नाही, #REF! दाखवून थांबतं. SPLIT ची आणखी एक सवय ध्यानात ठेवा: आकड्यासारखा दिसणारा तुकडा ते आकडाच करून टाकतं. कपाटाचा क्रमांक ‘012’ असेल तर नुसते 12 उरतात. असे क्रमांक टॅगांमध्ये घालूच नयेत. त्यांचा रकाना वेगळा ठेवावा आणि त्याचं स्वरूप साधा मजकूर असं निवडावं.

एक्सेलमध्ये हेच काम TEXTSPLIT करतं. मायक्रोसॉफ्ट 365 आणि एक्सेल 2024 मध्ये ते आहे, जुन्या आवृत्त्यांत नाही.

```
=TRIM(TEXTSPLIT(B2,","))
```

याचा स्वभाव निराळा आहे. अवतरणातली चिन्हं ते एकत्रच एक खूण मानतं आणि ‘012’ ला ‘012’च ठेवतं. जागा अडलेली असेल तर #SPILL! दाखवतं. मात्र B2:B400 असा अख्खा पट्टा दिला, तर प्रत्येक ओळीतला पहिलाच टॅग हाती येतो. म्हणून सूत्र एका ओळीत लिहून खाली ओढावं.

तुकडे झाले तरी रकान्यांना अर्थ आलेला नसतो. कोकण एका ओळीत तिसऱ्या रकान्यात आहे, दुसरीत दुसऱ्या. एकाच रकान्याला फिल्टर लावून मोजलं तर पुस्तकं सुटतात. मोजणी सगळ्या रकान्यांवर मिळून करायला हवी:

```
=COUNTIF(C2:F400,"कोकण")
```

त्याआधी शीट्समध्ये एका मोकळ्या रकान्यात हे सूत्र चालवून पाहा:

```
=SORT(UNIQUE(FLATTEN(C2:F400)))
```

वापरलेला प्रत्येक टॅग एकदाच, क्रमाने, एकाखाली एक येतो. आमच्या यादीत ‘कोकण’ आणि ‘कोंकण’ असे दोन्ही निघाले. ही दुरुस्ती तुकड्यांमध्ये करू नका, तिथे सूत्र आहे. मूळ B रकान्यात करा, तुकडे आपोआप बदलतात. आणि तो मूळ रकाना कधीही पुसू नका. तो गेला की पुढचं सगळं जातं.