बायोडेटातली एक नोंद

फर्मवेअरच्या जाहिरातीत मायक्रोकंट्रोलर, आयटूसी आणि हार्डवेअर डीबगिंग मागितलंय. बायोडेटातही नेमके तेच तीन शब्द आहेत. एवढ्यावर मी कुणाला मुलाखतीला बोलावणार नाही. त्यापेक्षा अशी नोंद पाहा: ‘एसटीएम३२ मध्येच रीसेट झाला की तापमानाचा सेन्सर उत्तर देईना. ऑसिलोस्कोपवर डेटाची लाइन सतत शून्यावर दिसली. सुरुवातीलाच क्लॉकच्या ९ पल्स देऊन ती मोकळी केली.’ या माणसाला कारण कळलंय. अर्धवट राहिलेला बाइट पाठवताना सेन्सर लाइन खाली धरून बसतो. पल्स मिळाल्या की उरलेले बिट संपवून ती सोडतो. तिन्ही कौशल्यांचा पुरावा इथे एकत्र मिळतो. अर्जदारांनो, प्रोटोकॉलची यादी आखूड करा आणि असा एक बिघाड लक्षणापासून उपायापर्यंत लिहा.