वाघोलीकरांनो, रविवारी फक्त अर्धा दिवस हाताशी आहे? दोघांची सहल २०० रुपयांच्या आत!

वाघोली : एकाची शिफ्ट, दुसऱ्याची शनिवारीही ड्यूटी. दोघांना एकत्र मिळते ती रविवार सकाळ. ती नगर रोडच्या कोंडीत जाऊ नये, यासाठी शहर ओलांडायचेच नाही. वाटेतले एकच ठिकाण निवडायचे : आगाखान पॅलेस.

कसे जायचे?
साडेआठपूर्वी पीएमपी बस पकडा. अंतर साधारण १० किलोमीटर. सकाळी रस्ता मोकळा असतो. पॅलेस ९ वाजता उघडतो.

काय पाहायचे?
१९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनानंतर महात्मा गांधी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई इथे नजरकैदेत होते. महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ ला, तर कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला इथेच गेल्या. दोघांच्या समाध्या मागच्या बागेत आहेत. दोन तास निवांत जातात.

खर्च किती?
प्रवेश प्रत्येकी २५ रुपये. बसला जाता-येता प्रत्येकी ६० रुपयांपर्यंत. दोघांचे मिळून १७० रुपये. ७० रुपयांचा दैनिक पास दोनच फेऱ्यांसाठी परवडत नाही. डबा घरूनच न्या.

कुठे फसते?
'जवळच आहे, एखादी बागही करू' म्हणून दुपारी निघालात तर महापालिकेच्या बहुतेक बागा बंद असतात आणि परतताना संध्याकाळची कोंडी गाठते. बारापर्यंत घराकडे निघा.

दोनच तास असतील तर?
गावातलेच वाघेश्वर मंदिर आणि पिलाजीराव जाधवरावांची समाधी. खर्च शून्य.