Explainer : ‘प्रक्रियायुक्त पदार्थांवर १०.६४ टक्के खर्च’, पण त्यात पावसचा आमरस किती? मोठा अहवाल एका पानात आणताना काय तपासायचे?

पावस आणि आसपासच्या भागात एप्रिलअखेरीस आंबा कॅनिंगची लगबग सुरू होते आणि पाऊस लागेपर्यंत चालते. या मोजक्या आठवड्यांत फळ विकत घ्यायचे, रस काढायचा, डबे भरायचे आणि मग ते वर्षभर विकायचे. माल किती भरायचा आणि कोणत्या आकारात, हे आधीच ठरवावे लागते. अंदाज चुकला तर भांडवल पुढचा हंगाम येईपर्यंत गोदामात अडकते.

समजा, इथल्या एका प्रक्रिया उद्योगाच्या प्रॉडक्ट मॅनेजरपुढे प्रश्न आहे : ८५० ग्रॅमच्या डब्याबरोबर शहरातल्या घरांसाठी छोटा पाऊच काढावा का? खासगी मार्केट रिसर्च महाग पडतो. त्यामुळे अशा वेळी हाताशी येतो तो केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाचा घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणाचा अहवाल. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळातल्या पाहणीत देशभरातली २ लाख ६१ हजार ७४६ कुटुंबे होती. अहवाल शेकडो पानांचा आहे आणि मॅनेजरला हवे आहे एक पान.

आधी प्रश्न, मग शेवटची पाने

एवढा अहवाल पहिल्या पानापासून वाचत गेले की सारांशही अहवालाच्याच क्रमाने होतो : धान्य, डाळी, दूध, कपडे. मॅनेजरला त्याचा उपयोग नसतो. म्हणून कोऱ्या पानावर सर्वात वर निर्णयाचा प्रश्न लिहायचा आणि त्याला स्पर्श न करणारा तक्ता कितीही रंजक असला तरी सोडून द्यायचा. त्यानंतर वाचायची ती अहवालाच्या मागची पाने, म्हणजे व्याख्या आणि प्रश्नावली. कंटाळवाणी असतात, पण आकडा कशाचा आहे हे तिथेच कळते.

या प्रश्नासाठी कामाचा आकडा एकच गट देतो : पेये, अल्पोपाहार आणि प्रक्रियायुक्त पदार्थ. ग्रामीण भागात दरमहा दरडोई ३,७७३ रुपयांच्या खर्चातले ३६३ रुपये, म्हणजे ९.६२ टक्के, या गटावर जातात. शहरात ६,४५९ पैकी ६८७ रुपये, म्हणजे १०.६४ टक्के. टक्क्यांत फरक जेमतेम एकाचा, पण रुपयांत शहर जवळपास दुप्पट. एका पानात दोन्ही लिहायला हवेत. नुसते टक्के दिले तर गाव आणि शहर सारखेच भासतात. आणि हे पैसे दरडोई आहेत, दर कुटुंब नाहीत. चौघांच्या शहरी घरासाठी ६८७ चे साधारण २,७५० होतात. सारांशात ‘दरडोई’ हा शब्द गळाला, तर पुढचे सगळे हिशेब चौपटीने हुकतात.

आता व्याख्या. या गटात टपरीवरचा चहा आहे, बिस्किटे आहेत, वेफर्स आहेत, बाहेरून विकत घेतलेले शिजवलेले जेवणही आहे. ‘शहरी माणूस पाकीटबंद पदार्थांवर ६८७ रुपये खर्च करतो’ हे वाक्य त्यामुळे चूक ठरते. आमरस या गर्दीत कुठेतरी आहे, इतकेच म्हणता येते.

वाढीच्या आकड्याबाबतही जपून. २०११-१२ मध्ये हाच वाटा ग्रामीण भागात ७.९० आणि शहरात ८.९८ टक्के होता. आलेख चढता दिसतो आणि सादरीकरणात छान शोभतो. पण मधल्या काळात विचारायच्या वस्तू ३४७ वरून ४०५ झाल्या आणि एकाच भेटीऐवजी तीन महिन्यांत तीन भेटी देऊन माहिती घेतली गेली. जास्त बारकाईने विचारले की जास्त खर्च आठवतो. वाढीतला किती भाग खरा आणि किती पद्धतीचा, हे या दोन आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.

सात दिवसांची खिडकी

नमुना अडीच लाखांवर आहे म्हटल्यावर त्याच्या मर्यादा शोधायचे कुणाच्या मनातही येत नाही. आमरसाच्या बाबतीत मात्र खरी अडचण नमुन्याच्या आकारात नसून कालावधीत आहे. फळे, पेये आणि प्रक्रियायुक्त पदार्थांबाबत कुटुंबाला फक्त गेल्या सात दिवसांचे विचारले जाते. भाजीसाठी हे योग्यच आहे. वर्षातून एकदा उघडल्या जाणाऱ्या डब्याचे काय?

गणित करून पाहू. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. एक हजार घरांपैकी १०४ घरे वर्षातून एकदाच, २५० रुपयांचा एक डबा आणतात आणि त्याच दिवशी संपवतात. पाहणी वर्षभर विखुरलेली आहे. एखाद्या घराचा तो दिवस नेमका त्याच्या सात दिवसांत येण्याची शक्यता ५२ मध्ये एक. म्हणजे १०४ पैकी साधारण दोनच घरे सापडतील. तक्ता म्हणेल : ०.२ टक्के घरे आमरस घेतात. प्रत्यक्षात घेतात १०.४ टक्के.

गंमत म्हणजे सरासरी खर्च तरीही बरोबर येतो. दोन घरांचे ५०० रुपये हजार घरांत वाटले की आठवड्याला पन्नास पैसे, महिन्याला सुमारे २ रुपये १४ पैसे. वर्षाच्या खऱ्या २६,००० रुपयांवरून काढले तरी जवळपास तेवढेच. सरासरी खरी, ग्राहकसंख्या खोटी, आणि दोन्ही एकाच पाहणीतून. मॅनेजरला हवी असते ती नेमकी ग्राहकसंख्या. १०४ घरे एकेक डबा घेत असतील तर छोटा पाऊच त्यांना परवडू शकतो. पण दोनच घरे दर आठवड्याला घेणारी असतील तर त्यांना मोठा डबाच सोयीचा.

दुसरी मर्यादा सोपी आहे. पाहणी कुटुंबांची आहे. लग्नाच्या पंगतीसाठी डबे उचलणारा केटरर, आइस्क्रीम बनवणारा कारखाना, परदेशातला खरेदीदार हे त्यात ग्राहक म्हणून येतच नाहीत. आणि राज्यापर्यंतचेच आकडे प्रसिद्ध झाले आहेत. महाराष्ट्रात दरमहा दरडोई खर्च गावात ४,०१० आणि शहरात ६,६५७ रुपये. पुणे वेगळे, ठाणे वेगळे असे त्यातून निघत नाही.

पानावर शेवटी काय उरते?

पुढच्या निर्णयांचा भाग लिहिताना प्रत्येक ओळीमागे वरचा कोणता आकडा आहे आणि कोणती मर्यादा आहे, हे दाखवता यायला हवे. दाखवता आले नाही तर ती ओळ खोडायची. या कसोटीवर तीनच वाक्ये टिकतात.

पाऊचची चाचणी आधी शहरात घ्यावी, कारण या गटावर तिथला दरडोई खर्च जवळपास दुप्पट आहे; त्यातही वरच्या थरात, कारण शहरातल्या वरच्या ५ टक्क्यांचा महिन्याचा दरडोई खर्च २०,८२४ रुपये आहे, तर तळाच्या ५ टक्क्यांचा २,००१. किती पाऊच भरायचे, हे या अहवालावरून ठरवू नये. त्यासाठी थोड्या दुकानांत एक छोटी खेप ठेवावी आणि ग्राहकांना ‘गेल्या आठवड्यात’ न विचारता ‘गेल्या बारा महिन्यांत किती वेळा आणि कोणत्या आकाराचा’ असे विचारावे. केटररशी वेगळे बोलावे.

मधले वाक्य वाचून मॅनेजर बहुधा नाराज होईल, कारण त्याला नेमका तोच आकडा हवा होता. ते गाळून ०.२ टक्के लिहिणे सोपे असते, आणि पुढच्या मे महिन्यात पाऊचची योजना त्याच एका दशांशावर रद्द होते.