खेळणं आतून वाळलं का?

पिवळं रबरी बदक टबात तरंगतं. दाबलं की त्याच्या पोटाखालच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडते आणि दीड वर्षाचं मूल खिदळतं. पुढच्या क्षणी तेच बदक तोंडात जातं. स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी अशी आंघोळीची वापरलेली खेळणी कापून आत पाहिलं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आतल्या भिंतीवर जिवाणूंचा दाट, बुळबुळीत थर सापडला. एका चौरस सेंटीमीटरवर 50 लाखांपासून साडेसात कोटींपर्यंत पेशी होत्या. निम्म्याहून अधिक खेळण्यांत बुरशी होती. कानाचे, डोळ्यांचे आणि फुप्फुसाचे संसर्ग करू शकणारे जिवाणूही त्यांत आढळले.

ही खेळणी काही गलिच्छ घरांतली नव्हती. मऊ प्लास्टिकमधून अगदी थोडी सेंद्रिय द्रव्यं पाण्यात उतरतात आणि ती जिवाणूंचं खाद्य ठरतात. साबण, घाम आणि कातडीवरचा मळ त्यात भर घालतो. या सगळ्याला लागतो तो फक्त ओलावा, आणि पोकळ बदकाच्या पोटात तो दिवसेंदिवस टिकतो. लहान मुलांची खेळणी स्वच्छ ठेवण्यातली खरी अडचण इथेच आहे. धुण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, वाळवण्याकडे फारसं कुणाचं नसतं.

भोक असलेलं बदक बाहेरून कितीही घासलं तरी आत ब्रश पोहोचत नाही. आत औषध ओतलं तरी चिकटलेला थर जागचा हलत नाही. पारख सोपी आहे. खेळणं पांढऱ्या वाटीत जोरात पिळावं. पाण्याबरोबर काळे कण किंवा बुळबुळीत धागे आले, कुबट वास आला, तर ते धुण्याच्या पलीकडे गेलं आहे. ते टाकून द्यावं. नवं घेताना बिनभोकाचं, अखंड घडवलेलं घ्यावं.

भरीव प्लास्टिकचं काम मात्र सोपं आहे. चावायची रिंग, रचायचे ठोकळे, खुळखुळा यांना रोजच्या वापरात कोमट पाणी, भांडी घासायचा सौम्य साबण आणि जुना मऊ टूथब्रश एवढं पुरतं. सांध्यांत आणि खाचांत लाळेत कालवलेलं बिस्किट अडकतं, म्हणून ब्रश तिथे फिरवावा. मग वाहत्या पाण्याखाली साबणाचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत धरावं आणि जाळीच्या टोपलीत पसरून वाळू द्यावं. खुळखुळ्याला चीर गेली असेल तर पाणी आत शिरतं आणि त्याचंही बदक होतं. उकळायचा मोह टाळावा. सिलिकॉनची रिंग उकळत्या पाण्यात टिकते, पण पुष्कळ प्लास्टिक मऊ पडून वाकतं आणि आत पाणी किंवा जेल भरलेली रिंग फुटू शकते. वेष्टनावर तसं लिहिलं असेल तरच उकळावी.

एका घरातल्या एकाच मुलाच्या खेळण्यांना रोज जंतुनाशकाची गरज नसते. एकाचं उष्टं खेळणं दुसऱ्याच्या तोंडात जातं तिथे ती लागते: पाळणाघरात, सोसायटीतल्या खेळगटात, किंवा घरात जुलाब-उलट्यांची साथ आली असताना. पाळणाघरात यासाठी एक वेगळी बादली हाताशी ठेवावी. मुलाने तोंडातून काढलेलं खेळणं परत टोपलीत न टाकता थेट त्या बादलीत टाकायचं. बादली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी उंचावर हवी, कारण थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

संध्याकाळी त्या बादलीतली खेळणी आधी साबणाने धुवायची. हा क्रम उलटा करून चालत नाही. लाळ आणि अन्नाचे कण ब्लीचमधला क्लोरीन वापरून संपवतात आणि जंतूंसाठी काही उरत नाही. मग द्रावण. घरगुती ब्लीचच्या बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट 4 टक्के असं लिहिलेलं असेल, तर 1 लिटर गार पाण्यात 5 मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, पुरतं. खेळणी त्यात 2 मिनिटं पूर्ण बुडवून ठेवायची, स्वच्छ पाण्याने खळाळून काढायची आणि वाळवायची. जुलाब-उलट्यांची किंवा हात-पाय-तोंडाच्या पुरळाची साथ असेल तर प्रमाण वाढवून 1 लिटरला 25 मिलिलिटर घ्यावं, 5 मिनिटं ठेवावं आणि नंतर अधिक काळजीपूर्वक धुवावं. बाटलीवरची टक्केवारी वेगळी असेल तर प्रमाण बदलतं. ब्लीच बिनवासाचं, साधं घ्यावं. द्रावण रोज ताजं करावं, कारण त्याचा जोर लवकर उतरतो.

हे काम खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून आणि मुलं दुसऱ्या खोलीत असताना करावं. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना जाळतो. जखमा धुण्याच्या औषधी वासाच्या अँटिसेप्टिक द्रवात खेळणी भिजवण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. तोंडात जाणाऱ्या वस्तूंसाठी ते द्रव बनवलेले नाहीत आणि जुलाबाच्या विषाणूंवर त्यांचा भरवसाही धरता येत नाही. व्हिनेगरही जंतुनाशकाची जागा घेऊ शकत नाही.

आता कापडी अस्वल. धुण्याआधी त्याचे डोळे, नाक आणि बटणं ओढून पाहावीत. सैल असतील तर पक्की शिवावीत नाहीतर काढून टाकावीत. आवाज करणाऱ्या खेळण्याची बॅटरी आणि डबी बाहेर निघत नसेल तर ते पाण्यात घालू नये, ओल्या फडक्याने पुसावं. काढलेली बटणासारखी चपटी बॅटरी ताबडतोब उंचावर ठेवावी. मुलाने ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

अस्वल उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधावं आणि मशीनमध्ये सौम्य चक्रावर कमी साबणात धुवावं. मुलाला धुळीची अ‍ॅलर्जी असेल तर धूळकिडे मारायला 60 अंशांचं पाणी लागतं. लेबल तेवढं सोसत नसेल तर खेळणं प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून 24 तास डीप फ्रीजरमध्ये ठेवावं आणि मग धुवावं. गारठ्याने किडे मरतात, पण अ‍ॅलर्जी करणारी त्यांची विष्ठा धुतल्याशिवाय जात नाही.

आणि मग खरी परीक्षा, विशेषतः मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात. लोकर वरून दिवसभरात सुकते, पण पोटातला कापूस ओलाच राहतो आणि दोन दिवसांत कुबट वास येतो. यावर स्वयंपाकघरातला वजनकाटा उपयोगी पडतो. धुण्याआधी कोरडं अस्वल 240 ग्रॅम भरलं आणि वाळल्यावर 275 भरलं, तर 35 ग्रॅम पाणी अजून आत आहे. ते जाईपर्यंत पंख्याखाली टांगावं आणि मधूनमधून उलटं करावं, कारण पाणी हातापायांच्या टोकांशी साचतं. पावसाळ्यात मोठी खेळणी धुवायलाच काढू नयेत. झोपताना लागणारं एखादं छोटं खेळणं जोडीने घ्यावं, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरं हातात राहतं. पूर्ण वाळूनही कुबट वास राहिला तर बुरशी कापसात उतरली आहे. शिवण उसवून कापूस बदलावा नाहीतर खेळणं टाकावं.

धुण्याने निघत नाही असंही काही असतं. रंगातलं शिसं आणि हलक्या प्लास्टिकमधली रसायनं साबणाने जात नाहीत. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ज्याच्यावर ते नाही, ज्याचा रंग पोपडे धरून निघतो किंवा जे चिकट झालं आहे, असं खेळणं तोंडात घालणाऱ्या मुलाच्या हाती देऊ नये.